बाळाने थेंब बाहेर काढले, तर पुन्हा द्यायचे का? अनुभव सांगा

डिचोलीची आई : काल नणंदेच्या बाळाला सहाव्या आठवड्याच्या लशीसाठी आरोग्य केंद्रात नेले आणि माझ्या मुलाचा तो दिवस आठवला. पोलिओचे दोन थेंब जिभेवर पडताच त्याने ते लाळेबरोबर हनुवटीवर आणले, तेव्हा सिस्टरनी न बोलता लगेच पुन्हा दोन थेंब दिले. घरी पोहोचल्यावर, म्हणजे साधारण पाऊण तासाने, त्याने फाटलेले दूध ओकले. सासूबाईंनी परत जाण्याचा आग्रह धरला; मी गेले नाही, पण ती रुखरुख कित्येक दिवस राहिली.

पेडण्याची आजी : थेंबांनंतर अर्धा तास अंगावर पाजायचे नाही, म्हणजे ओकारीचा प्रश्नच येत नाही. आम्ही तिन्ही नातवंडांच्या बाबतीत हेच पाळले.

निवृत्त परिचारिका, फोंडा : आजी, तसे थांबण्याची गरज नाही, अंगावरच्या दुधाने लस वाया जात नाही. बाळ पोटभर पिऊन लगेच आडवे झाले की गुळणी येते, एवढ्यापुरता तुमचा अनुभव खरा आहे. डिचोलीच्या ताई, तुम्ही गेला नाहीत ते योग्यच केलेत. पोलिओचे थेंब तत्काळ थुंकले किंवा पाच-दहा मिनिटांत बरेचसे ओकले, तर त्याच भेटीत पुन्हा देतात. दुसऱ्यांदाही राहिले नाहीत, तर तो डोस न धरता पुढच्या भेटीत देतात. पाऊण तासाने आलेले फाटलेले दूध यात मोडत नाही.

वास्कोचा बाबा : आमच्या मुलीला तापाचे औषध दिले की ती दर वेळी ओकते. तेही पुन्हा द्यावे का?

निवृत्त परिचारिका, फोंडा : तापाच्या औषधात मात्रा जास्त होण्याचा धोका असतो, त्यामुळे हा नियम तिथे लावू नका, आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

साखळीकर : आमचा घोळ रोटाच्या लशीचा होता. खासगी दवाखान्यात बाळाने अर्धी लस ओठांवाटे बाहेर काढली, आणि डॉक्टरांनी पुन्हा देण्यास नकार दिला. आम्हाला वाटले, ते महागड्या लशीची बचत करत आहेत.

निवृत्त परिचारिका, फोंडा : रोटाला पोलिओचा नियम सरसकट लागत नाही. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात बहुतेक लस बाहेर आल्यास त्याच भेटीत एकदा बदली डोस देण्याची मुभा आहे, तर एका कंपनीने बदली डोस देऊ नये, पुढचे डोस ठरल्या वेळी द्यावेत, असे म्हटले आहे. म्हणून कार्डावर लशीचे नाव लिहून घ्यावे. आम्ही बाळाला किंचित उठते धरून रोटाची लस गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडत असू; घशाकडे धार मारली की ती परत येतेच.

डिचोलीची आई : पण "बहुतेक" म्हणजे किती, हे लाळेत मिसळल्यावर कसे ओळखायचे?

निवृत्त परिचारिका, फोंडा : नेमके ओळखता येत नाही. बाळाने गिळल्याची हालचाल पाहिली का, एवढेच मी पाहत असे, आणि त्यासाठी आईला दहा मिनिटे बाकावर बसवून ठेवत असे.

साखळीकर : आमच्या कार्डावर फक्त "रोटा १" एवढेच लिहिले आहे. उद्या दवाखान्यात जाऊन नाव विचारतो.