मदत हवी आहे: उजव्या बाजूचा 'स' फाटतोय

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, पंचवटीत राहतो. आजोबांच्या तबकड्यांसाठी टर्नटेबलला नवं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज बसवलंय. आर्म तरंगता ठेवून शून्य लावला, मग डिजिटल काट्यावर २ ग्रॅम वजन मोजलं. कंपनीची मर्यादा १.८ ते २.२ आहे. अँटी-स्केट २ वर आहे. तरी तबकडीच्या शेवटच्या गाण्यात गायिकेचा 'स' फक्त उजव्या स्पीकरमधून फाटतो. म्हणजे सुई आत ओढली जाऊन बाहेरची भिंत सोडतेय, असं मला वाटतं. अँटी-स्केट थोडं वाढवू, की आधी वजन २.१ करू?

दुसरं, फोनो प्रीअँप घ्यायचाय. आउटपुट ४ मिलिव्होल्ट, लोड ४७ किलोओहम. म्हणून ४० डेसिबल गेन पुरेल ना? कपॅसिटन्स १०० ते २०० पिकोफॅरड हवा, आणि त्यात केबलही मोजायची. कमी कपॅसिटन्सचा प्रीअँप कुणी वापरलाय का?