मदत हवी आहे: पाठ केलेल्या मालिकेवर सुटणार नाहीत असे सेलचे प्रश्न

खडूफळा_खानापूर: पीयूसी दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्री शिकवते. पेपर इंग्रजीत, समजावणं मराठीत. मुलांना जस्त −०.७६, तांबं +०.३४ तोंडपाठ, प्रश्न आला की वजाबाकी करून मोकळी. म्हणून यंदा दोन्हीकडे तांब्याचीच पट्टी ठेवली. एका ग्लासात १ मोलर मोरचूद, दुसऱ्यात ०.०१ मोलर, मधे पोटॅशियम नायट्रेटात भिजवलेला फिल्टर पेपर. कुठली पट्टी झिजेल? बहुतेकांनी लिहिलं, "धातू एकच, व्होल्टेज शून्य." इथवर मजा आली. पण हिशेबाने ५९ मिलिव्होल्ट हवेत, मीटर ३१ दाखवतो. शिवाय असाच प्रश्न गंजण्यावर कसा काढू?

निपाणीकर: मोरचूद जास्त तिकडची पट्टी झिजणार, तिथे आयन जास्त सुटतात ना. मीटरचा सेल उतरला असेल, बदला.

जुना_लॅबवाला: उलटं आहे ओ. पातळ बाजूची पट्टी विरघळते आणि घट्ट बाजूला तांबं चढतं. दोन्ही द्रावणं सारखी होईपर्यंत हे चालतं. मीटरचा दोष नाही. १ मोलर द्रावणात कॉपर आणि सल्फेट एकमेकांना इतके धरून ठेवतात की खरा फरक शंभरपट न राहता दहापटीच्या आसपास उरतो. मॅडम, ०.०१ आणि ०.००१ घेऊन बघा. हिशेब साडेएकोणतीसचा आहे; मीटर त्याच्या जवळ येईल, पुरता जुळणार नाही.

विहीरवाला: तांब्याचं मला कळत नाही. आमच्या विहिरीतला लोखंडी पाइप पाण्याच्या रेषेखाली बोटभर जागेत खाल्ला जातोय, रेषेपाशी मात्र धड आहे. तेवढ्याच जागी रंग मारू का?

जुना_लॅबवाला: मॅडम, घ्या तुमचा दुसरा प्रश्न! लोखंड तेच, पाणी तेच, फरक फक्त ऑक्सिजनचा. रेषेपाशी हवा भरपूर मिळते, तो भाग कॅथोड. खाली हवा कमी, तिथलं लोखंड विरघळतं. मुलं सांगतील, "जिथे हवा जास्त तिथे झीज जास्त." तिथेच पकडा.

आणि दादा, फक्त खाल्लेल्या जागी रंग मारू नका. त्यात टाचणीएवढं भोक राहिलं तरी सगळी झीज त्या भोकात एकवटते आणि पाइप आरपार जातो. मारायचा तर रेषेपाशीचा धड भागही रंगवा.

निपाणीकर: मग पाण्याबाहेर तर हवाच हवा. तो भाग कॅथोड का नाही?

जुना_लॅबवाला: कोरडा आहे म्हणून. आयनांना जायला पाणी लागतं. पावसाळ्यात ओल धरली की गोष्ट वेगळी.

खडूफळा_खानापूर: रंगाचा प्रश्न सोमवारी देते: "रंग कुठे माराल, आणि का?" आकडा एकही देणार नाही.

विहीरवाला: द्या की. पण आमचं पाणी मार्चपर्यंत दहा फूट उतरतं, आणि पाइप खाल्लाय तो दिवाळीच्या रेषेखालीच. उन्हाळ्याच्या रेषेखाली का नाही?

जुना_लॅबवाला: पाणी कुठल्या रेषेवर किती महिने थांबतं ते आधी सांगा. त्याशिवाय मी बोलणार नाही.