मदत हवी आहे: एकके जुळत नसतील तर ‘कमी-जास्त’ची खूण द्यावी का?

नमस्कार. इंदूरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबसाठी मी एक एक्सेल शीट केली असून, ती तपासणीचा आकडा अहवालावर छापलेल्या संदर्भ मर्यादेशी ताडून ‘कमी’, ‘सामान्य’ किंवा ‘जास्त’ एवढेच सांगते. निदान अर्थातच डॉक्टरांचे. अडचण प्लेटलेटची आहे. एका अहवालात आकडा 2.1 लाख असा, तर मर्यादा 150 ते 410 हजार अशी होती, शीटने 2.1 ची तुलना थेट 150 शी केली आणि वास्तविक 210 हजार, म्हणजे सामान्य असलेला आकडा ‘कमी’ ठरवला. अशा वेळी शीटने स्वतः रूपांतर करावे, की खूण न देता तो रकाना तंत्रज्ञाकडे पाठवावा? मला दुसरा मार्ग सुरक्षित वाटतो. शिवाय, आकडा नेमका 150 आल्यास तो मर्यादेतच धरायचा ना?