मदत हवी आहे: ३४ वर्षांच्या भावाला कम्प्लीट हार्ट ब्लॉक. पेसमेकर सिंगल चेंबर की ड्युअल?

बावरी
घाईत लिहितेय. भाऊ ३४ वर्षांचा. काल जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कोसळला. इसीजीत कम्प्लीट हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयात वरून खाली विजेचा संदेशच पोहोचत नाही, नाडी ३६. तात्पुरती वायर टाकलीय, आयसीयूत आहे. अँजिओग्राफी नॉर्मल. परवा कायमचा पेसमेकर बसवणार म्हणतात आणि उद्या फॉर्मवर सही हवी. सिंगल चेंबर घ्यावा की ड्युअल, एवढंच सांगा. बाकी सल्ले नकोत, डोकं आधीच फिरलंय.

खंबीर
ताई, घाबरू नका. माझ्या वडिलांना ७८व्या वर्षी हाच त्रास झाला. ड्युअल चेंबर बसवला, तिसऱ्या दिवशी घरी आणलं, आजही फिरायला जातात. एक मात्र पाळा, मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही.

लयवेडा
बावरी, हृदयाच्या लयीच्या आजारांवर उपचार करणं हेच माझं काम आहे. भावाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सगळं तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ड्युअल, म्हणजे हृदयाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कप्प्यांत तार असलेला. पण ७८व्या वर्षी हृदयाचं विजेचं वायरिंग झिजतं, ३४व्या वर्षी झिजत नाही. या वयात ते बंद पडलं तर कशाने, हे शोधल्याशिवाय मी यंत्र ठरवणार नाही. एवढं कळवा: डोळे लाल होऊन दुखण्याचा त्रास कधी झाला होता का? जुना कोरडा खोकला? अंगावर गाठी? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? इको रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलंय? मॉनिटरवर मध्येच वेगळे, रुंद ठोके दिसले का?

बावरी
इको ठीक आहे म्हणाले. घरात असं कुणी गेलेलं नाही. खोकला वगैरे काही नाही. डोळ्यांचा हृदयाशी काय संबंध?

लयवेडा
संबंध असू शकतो म्हणूनच विचारतोय. आणि "ठीक" नको, आकडा हवा.

बावरी
इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं, ते ४८. खाली लिहिलंय, "बेसल सेप्टम पातळ". गेल्या वर्षी डावा डोळा लाल झाला होता. युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, म्हणाले, स्टेरॉइडचे थेंब दिले, बरा झाला. रात्री मॉनिटर वाजला होता. सलग १४ रुंद ठोके, मग आपोआप थांबले. नर्स म्हणाली, वायर हलली असेल.

लयवेडा
वायर टोचूनही असे ठोके येतात, तेव्हा नर्सचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण या सगळ्या गोष्टी एकत्र मांडून बघा. तरुण माणूस, पूर्ण ब्लॉक, हृदयाच्या कप्प्यांमधला वरच्या बाजूला पातळ झालेला पडदा, जुना युव्हायटिस. मला पहिली शंका सार्कोइडोसिसची येते. त्यात पेशींचे बारीक पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, होतात. ते पडद्याच्या वरच्या भागात, अगदी वायरिंगच्या वाटेवर बसले की ब्लॉक होतो. सूज ओसरून वण राहिला की त्याच्याभोवती विद्युतलाट गोल गोल फिरते आणि व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यांतून निघणारी घातक वेगवान लय, सुरू होतो. ६०च्या आतल्या माणसाला कारण न सापडलेला ब्लॉक असेल तर छातीचा सीटी स्कॅन आणि हृदयाचं विशेष इमेजिंग करावं, असं हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या २०१४च्या तज्ज्ञ निवेदनात आहे. सही करण्याआधी एवढं विचारा: "सीटी झाला का? नसेल तर का?" तात्पुरती वायर असली तरी सीटी होतो.

निशिगंध
मला फुप्फुसाचा सार्कोइडोसिस आहे, म्हणून लिहिते. रक्तात एसीई नावाचं एन्झाइम तपासा, वाढलेला असला की निदान झालंच समजा. आणि स्टेरॉइड सुरू केलं की ब्लॉक आपोआप जातो, यंत्राची गरजच पडत नाही. माझा खोकला महिन्याभरात गेला.

लयवेडा
निशिगंध, एसीई बऱ्याच रुग्णांत नॉर्मल येतो, त्यामुळे तो आजार आहे असंही सांगत नाही आणि नाही असंही. स्टेरॉइडने काहींचा ब्लॉक सुटतो, हे खरं. पण कुणाचा सुटेल आणि किती दिवस टिकेल हे आधी सांगता येत नाही. ब्लॉक तात्पुरता सुटला तरी यंत्र बसवणं योग्य ठरू शकतं, असंच त्या निवेदनात आहे. तुमचा खोकला महिनाभर थांबू शकला, या मुलाचा पुढचा ठोका थांबू शकत नाही.

निशिगंध
मी माझा अनुभव सांगितला. इतकं टोचून बोलायची गरज नव्हती.

बावरी
तुम्ही दोघे नंतर भांडा. सीटी झाला. छातीत दोन्ही बाजूंना गाठी आहेत, श्वासनलिकेच्या उजव्या बाजूलाही. छातीचे डॉक्टर म्हणतात टीबी असू शकतो. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, आधी पेसमेकर बसवू, बाकीचं मग बघू.

रोखठोक
गाठी म्हणजे टीबी. उगाच दुर्मीळ रोगांच्या मागे लागू नका, आजपासून टीबीची औषधं सुरू करा. माझ्या मेहुण्याच्या गाठी तशाच गेल्या. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर आगीत तेल.

लयवेडा
रोखठोक यांची भीती निम्मी बरोबर आहे. नुसत्या सीटीवरून टीबी आणि सार्कोइड वेगळे करता येत नाहीत आणि टीबी असताना एकटं स्टेरॉइड घातक ठरतं. पण त्याचा अर्थ तुकडा तपासा असा आहे, अंदाजाने औषधं सुरू करा असा नाही. ईबस करून श्वासनलिकेतून सुईने गाठीचा नमुना घेतात. तो पॅथॉलॉजीला, टीबीचे जंतू झटपट शोधणाऱ्या जीनएक्स्पर्टला आणि टीबीच्या कल्चरला, तिन्हीकडे जायला हवा. सगळा फॉर्मेलिनमध्ये टाकला तर कल्चर होणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

हृदयाचाच तुकडा का नको, असं कुणी विचारेल. हा आजार हृदयात ठिपक्यांनी असतो, चिमटा निरोगी जागी पडला की रिपोर्ट कोरा. चौघांत एखाद्यालाच त्यातून निदान मिळतं. गाठ हाताशी असताना तिथूनच घ्यावा. अपवाद एक. हृदयाचा पंप दिवसागणिक वेगाने खाली जाऊ लागला तर जायंट सेल मायोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला झपाट्याने येणाऱ्या सुजेची, शंका येते, तेव्हा हृदयाची बायोप्सी टाळू नये.

खंबीर
इतक्या तपासण्या? मुलगा वायरवर पडलाय! आधी पेसमेकर बसवून मोकळे व्हा.

लयवेडा
खंबीर, घाई मलाही आहे. तात्पुरत्या वायरवर फार दिवस ठेवणं बरं नाही, जंतुसंसर्ग होतो, वायर सरकते. पण आज साधा पेसमेकर बसवला आणि पुढे शॉक देऊ शकणारी आयसीडी लागली, तर पुन्हा शस्त्रक्रिया आणि जास्तीची तार. वायर नीट चालत असेल तर दोन-तीन दिवसांत गाठीचा तुकडा आणि पेट स्कॅन दोन्ही होऊ शकतात. एमआरआय वण छान दाखवतो, पण साध्या तात्पुरत्या वायरसह तो बहुधा करत नाहीत. पेटला वायरची अडचण नसते.

बावरी
पेट झाला. रिपोर्ट: "संपूर्ण डाव्या व्हेंट्रिकलमध्ये सर्वत्र सारखा एफडीजी अपटेक". म्हणजे सगळं हृदय सुजलंय?

लयवेडा
थांबा. सगळीकडे एकसारखं उजळलं तर आजारापेक्षा तयारी फसल्याची शंका आधी घ्यायची. स्कॅनआधी त्याने काय खाल्लं? सलाइन कोणतं चालू होतं?

बावरी
उपाशीच होता. सलाइन मात्र चालू होतं. बाटलीवर डी५ लिहिलंय.

लयवेडा
डी५ म्हणजे ग्लुकोजचं पाणी. तिथेच बिनसलं. निरोगी हृदयही साखर ओढतं, आणि एफडीजी साखरेसारखंच असल्याने या स्कॅनमध्ये साखर कोण ओढतंय तेच दिसतं. म्हणून आधी हृदयाला चरबीवर आणावं लागतं, तरच साखर खाणाऱ्या सुजेच्या पेशी उठून दिसतात. आदल्या दिवशी निदान दोन जेवणं भरपूर स्निग्ध आणि प्रथिनांची, पिष्ट आणि साखर शून्य, मग रात्रभर किमान १२ तास उपास. गोड सिरप, चघळायची गोळी, ग्लुकोजचं सलाइन, काहीही चालत नाही. काय खाल्लं ते लिहून न्या, रिपोर्ट लिहिणाऱ्याला उपयोग होतो. मधुमेह नाही ना?

बावरी
नाही.

बावरी
पेट पुन्हा झाला, तयारी मी स्वतः उभी राहून करून घेतली. या वेळी अपटेक फक्त पडद्याच्या वरच्या भागात आणि उजव्या व्हेंट्रिकलच्या भिंतीला थोडा. त्याच पडद्यात रक्तपुरवठ्याच्या स्कॅनमध्येही खोट आहे. छातीतल्या गाठीही उजळल्यात. ईबसचा रिपोर्ट: नेक्रोसिस, म्हणजे मेलेल्या पेशी, नसलेले ग्रॅन्युलोमा, जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह, कल्चरला सहा आठवडे लागतील. आता डॉक्टर आयसीडी म्हणतात. ती पेसमेकरच ना? मग इतका वाद कशाला?

लयवेडा
आयसीडी पेसमेकरचं काम करतेच, शिवाय घातक लय सुरू झाली तर ती ओळखून थांबवते, गरज पडल्यास शॉक देऊन. या आजारात ब्लॉक असलेल्या माणसाला पुढे टॅकीकार्डिया होण्याचा धोका पंप चांगला असतानाही राहतो. म्हणून कायमचं पेसिंग लागणार असेल तर आयसीडीचा विचार करावा, असा सल्ला आहे. भावाचे ते १४ ठोके त्याच बाजूला बोट दाखवतात, वायरमुळे आले असण्याची शक्यता धरूनही. ड्युअल चेंबर, एमआरआयला चालेल असं मॉडेल मागा. त्याला जवळपास प्रत्येक ठोका पेसिंगचा लागेल आणि सतत उजव्या बाजूने पेसिंग केल्याने पंप घसरू शकतो. ४८ आधीच थोडा खाली आहे, तेव्हा वायरिंगच्या डाव्या फांदीजवळून, म्हणजे डाव्या बंडलजवळून, किंवा दोन्ही बाजूंनी पेसिंग जमेल का, तेही विचारा.

निशिगंध
शॉक बसतो तेव्हा माणूस शुद्धीवर असतो का? माझ्या ओळखीत एकाला शुद्धीत बसला होता, फार घाबरला तो. हे कुणी आधी सांगत नाही.

लयवेडा
बसू शकतो, आणि छातीत लाथ बसल्यासारखा लागतो. म्हणून बरेच वेग आधी न दुखणाऱ्या जलद पेसिंगने थांबवायचा प्रयत्न यंत्र करतं. हे आधी सांगायलाच हवं, तुमचं बरोबर आहे.

बावरी
आयसीडी बसली. आता स्टेरॉइडवरून दोन डॉक्टरांचं जमत नाही. हृदयवाले आजच सुरू करा म्हणतात, छातीवाले कल्चर येईपर्यंत थांबा म्हणतात. कुणाचं ऐकू?

रोखठोक
थांबा. मी हेच सांगत होतो.

लयवेडा
हा खरा पेच आहे, इथून निकाल देणार नाही. थांबण्याची किंमत म्हणजे सूज तेवढे आठवडे वण पाडत राहते. सुरू करण्याची किंमत म्हणजे लपलेला टीबी चेतू शकतो. नेक्रोसिस नाही, जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह, ताप नाही, वजन घटलेलं नाही, तर मी सुरू करण्याकडे झुकेन, पण दोघांना एकत्र बसवून. प्रेडनिसोलोन बहुधा दिवसाला ३० ते ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू उतरवतात, तीन ते सहा महिन्यांनी पेट पुन्हा करतात. स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून मेथोट्रेक्सेट जोडलं तर ते आठवड्यातून एकदा, रोज नाही. रोज घेतल्याने जीव गेलेत. सुरुवातीला टॅकीकार्डिया वाढल्याचंही काहींत दिसतं, म्हणून पहिले काही आठवडे आयसीडीची नोंद लवकर-लवकर तपासून घ्या.

निशिगंध
आणि हाडांसाठी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी सुरू करा. मला दिलं होतं.

लयवेडा
आधी रक्तातलं कॅल्शियम बघून. सार्कोइडमध्ये ते आपोआपच वाढलेलं असू शकतं, त्यावर डीचा डोस म्हणजे किडनीला त्रास.

बावरी
कॅल्शियम १०.९ आहे, रिपोर्टवर लाल खूण केलीय. उद्या दोघा डॉक्टरांना एकत्र भेटतेय. मेथोट्रेक्सेटचं नाव त्यांनी अजून काढलेलं नाही, मी काढू का?

खंबीर
आणि मोबाइलचं सांगितलं का त्याला?