प्रमुख पाहुणे आले, माइक हातात घेतला आणि… तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ
आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचा मी यंदा सचिव आहे. काल्याच्या कीर्तनाला नगराध्यक्षांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं बैठकीत ठरलं. निवडणूक तोंडावर आहे, त्यामुळे पत्रात 'कृपया राजकीय भाषण टाळावे' असं लिहायचंही ठरलं. ते कोणत्या शब्दांत लिहायचं यावर मात्र तीन बैठका झाल्या. म्हातारे म्हणतात, पाहुण्याला असं लिहिणं शोभत नाही. तरुण म्हणतात, लिहिलं नाही तर गेल्या वर्षीसारखं होईल. गेल्या वर्षी पाहुणे पाऊण तास उशिरा, कीर्तन रंगात असताना आले. महाराज थांबले, हार झाले, आणि मग पंचवीस मिनिटं गटारयोजना ऐकली. विणेकरी उभाच होता बिचारा.
तुमच्याकडे असं बोलावणं कसं करता? काय जमलं, काय फसलं?

निवृत्त मास्तर
वीसेक वर्षं सूत्रसंचालन करतोय, म्हणून जरा लांबण लावतो. 'राजकीय भाषण नको' हे वाक्यच कुचकामी आहे. आपण राजकीय बोलतोय असं कोणत्याच पाहुण्याला वाटत नसतं. 'मी राजकारण बाजूला ठेवून बोलतो' इथूनच सुरुवात होते आणि पुढं सभामंडपाला कोणी निधी आणला, रस्ता कोणी अडवला, हे सगळं येतं. त्याच्या लेखी तो विकास असतो.

म्हणून काय नको ते एकाच ओळीत, नाव घेऊन लिहा आणि त्याआधी काय हवं ते सविस्तर लिहा. आमचं पत्र साधारण असं असतं:

'सप्रेम जय हरी. सप्ताहाच्या सांगतेस सकाळी ९.३० वाजता आपल्या हस्ते वीणापूजन व ग्रंथपूजन व्हावे, अशी ग्रामस्थांची इच्छा आहे. त्यानंतर समितीतर्फे आपला सत्कार होईल व आपण दोन मिनिटांत भाविकांना शुभेच्छा द्याव्यात. ठीक १० वाजता काल्याचे कीर्तन सुरू होईल. सप्ताहात सर्व पक्षांची व सर्व भावकीची माणसे एका पंगतीत बसतात. म्हणून या ठिकाणी पक्ष, निवडणूक व विकासकामे यांविषयी कोणीही बोलू नये, असा समितीचा ठराव आहे. तो सर्वांना सारखाच लागू आहे. आपण कीर्तन व महाप्रसादासही थांबावे, ही विनंती.'

यात 'विकासकामे' हा शब्द गाळू नका. 'ठराव' हाही ठेवा, म्हणजे ते सचिवाचं वैयक्तिक मत राहत नाही. छापील पत्रिकेत 'मनोगत' लिहिलंत तर मेलात. मनोगत म्हणजे अर्धा तास. तिथं फक्त 'शुभहस्ते पूजन' छापा.

आणि हे पत्र टपालानं किंवा मोबाइलवर पाठवू नका. दोन वडीलधारी माणसं नारळ घेऊन घरी जाऊ देत. बोलणं आधी, कागद नंतर. आधी कागद गेला तर तो अपमान वाटतो.

घंटानाद
एवढं कशाला? आचारसंहिता लागली की पुढाऱ्यांना देवळात यायलाच बंदी असते. तारीख बघा आणि तेव्हाच सप्ताह ठेवा, प्रश्न मिटला.

निवृत्त मास्तर
यायला बंदी नाही हो. दर्शनाला, कीर्तनाला कोणीही येऊ शकतो. देवस्थानाचा वापर प्रचारासाठी करायचा नाही, एवढं आचारसंहिता सांगते. आणि सप्ताह तिथीनं ठरतो, निवडणूक आयोगाच्या सवडीनं नव्हे.
आचारसंहिता नसतानाही एक कायदा आहेच. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा १९८८ चा केंद्रीय कायदा. देवस्थानाची जागा किंवा त्याचा उत्सव राजकीय कामासाठी वापरू द्यायचा नाही, आणि ही जबाबदारी व्यवस्थापकांवरही आहे. पण पाहुण्याला पत्रात कायद्याचा धाक दाखवू नका. तो समितीतल्याच 'बोलू द्या की दोन शब्द' म्हणणाऱ्यांना ऐकवा.

पावतीबुक
आमचा प्रश्न वेगळाच. नगरसेवकानं मंडपाच्या कमानीवर स्वतःचा फ्लेक्स लावला आणि वर्गणी दिलीच नाही! पावती फाडून तयार आहे. आता मागायची कशी?

टाळकरी
पावतीबुक, तो धागा वेगळा काढा 😄
आमच्याकडे पत्र चांगलं होतं, पाहुणेही भले होते, दोन मिनिटांत बसले. घोळ घातला तो बरोबर आलेल्यांनी. एका कार्यकर्त्यानं 'आभार मानतो' म्हणून माइक घेतला आणि घोषणाच सुरू केल्या. लगेच पलीकडून दुसऱ्या पक्षाची पोरं उठली. महाराजांनीच मोठ्यांदा 'पुंडलिक वरदे' म्हटलं, सगळ्यांना 'हरि विठ्ठल' म्हणावंच लागलं, म्हणून निभावलं.
तेव्हापासून दोन गोष्टी करतो. पूजन-सत्कार कीर्तनाच्या गादीपाशी न करता मंडपाच्या दाराशी, वेगळ्या माइकवर करतो. आणि तो माइक आमचा माणूस हातात धरून उभा राहतो, देत नाही. ध्वनिक्षेपकवाल्या पोराला आधीच सांगितलेलं असतं, की महाराज गादीवर आले की दाराचा माइक बंद. उशिरा कोणी आलंच तर ते गुपचूप श्रोत्यांत बसतात.

मुक्काम फोंडा
गोव्यात आमच्या जत्रेत रात्री नाटक असतं आणि दोन अंकांच्या मध्ये सत्कार. तिथं भाषण लांबलं की नट रंग लावून विंगेत ताटकळतात आणि प्रेक्षक उठून खाज्याच्या दुकानांकडे जातात. एका वर्षी आम्ही सरपंचांना सांगितलं, की तुमच्यानंतर लगेच पडदा उघडणार आणि तिसरी घंटा होणार. ते बोलत असतानाच घंटा वाजली. लोक हसले, तेही हसले. पण नंतर वर्षभर देवस्थान समितीशी जरा तिरकसच वागायचे. म्हणजे उपाय लागू पडला की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोसायटीतली सून
आम्ही गणपतीच्या आरतीला पोलीस ठाण्याच्या निरीक्षक बाईंना बोलावलं. सरकारी अधिकारी राजकीय बोलत नाहीत, हा आमचा हिशेब, आणि तो बरोबर निघाला. पण त्यांच्याशेजारी फोटोला माजी नगरसेवक येऊन उभे राहिले, आणि अध्यक्षांनी प्रेमानं त्यांनाच 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. बाईंना अवघडल्यासारखं झालं, आरती होताच निघून गेल्या. पत्र आम्ही पाहुण्यांना दिलं होतं. द्यायला हवं होतं आमच्या अध्यक्षांना.

घंटानाद
पण महाप्रसादाचा सगळा खर्चच पाहुण्यानं उचलला असेल तर? त्याला दोन मिनिटं म्हणायचं कोणत्या तोंडानं?

निवृत्त मास्तर
इथं मी दोनदा हरलोय. एकदा देणगी घेतली आणि भाषण ऐकलं, एकदा देणगी नाकारली आणि भात कमी पडला. अन्नदात्यांची नावं फलकावर सारख्याच अक्षरात लिहितो, एवढंच जमलंय.

टाळकरी
आम्ही त्यांना पंगतीत वाढायला लावतो. हातात बुंदीची बादली असली की माइक धरता येत नाही. फोटोही चांगला येतो, तेही खूश.

कृष्णाकाठ
मास्तरांचा मसुदा थोडा बदलून घेतला. काल दोघे तात्या नारळ घेऊन जाऊन आले. नगराध्यक्षांनी पत्र पूर्ण वाचलं, 'विकासकामे'वर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हेच पत्र माजी अध्यक्षांनाही देणार ना?' तात्या 'हो' म्हणून आले. त्यांना बोलवायचं तर आमच्या बैठकीत ठरलंच नव्हतं! आज रात्री चौथी बैठक.