मदत हवी आहे: इमाम मधली अत्तहियात न वाचताच उठले, सज्दा सलामाआधी की नंतर?

विजापूरवेसवाला
अस्सलामु अलैकुम. इशाच्या जमातीत इमामसाहेब दोन रकाती झाल्यावर बसलेच नाहीत, सरळ तिसरीला उभे. मागून सुबहानल्लाहचा आवाज आला तरी परत बसले नाहीत. शेवटी अत्तहियात वाचून उजवीकडे एकच सलाम, मग दोन सज्दे, परत अत्तहियात-दरूद आणि दोन्हीकडे सलाम. शेजारी माझा चिपळूणचा दोस्त होता, तो शाफई. तो म्हणतो सज्दे सलामाआधीच पाहिजेत आणि नाही केले तरी नमाज होते. इमामसाहेबांनी परत बसायला पाहिजे होतं का? आणि दोस्ताच्या नमाजेचं काय?

चादर_गल्ली
भाई टेन्शन कशाला, नमाजेत काहीपण चुकलं की सज्दा-ए-सहव करायचा, सगळं भरून निघतं.

मदरशाचा_विद्यार्थी
काहीपण नाही भाई. रुकू राहिला तर तो फर्ज, तो केल्याशिवाय नुसत्या सज्द्याने नमाज होत नाही. सुरुवातीची सना राहिली तर ती सुन्नत, तिला सज्दाच नाही. आपल्या हनफींत वाजिब भुलून सुटलं की सज्दा लागतो, आणि ती मधली बैठक वाजिब आहे. इमामसाहेब पूर्ण उभे राहिले होते ना, मग बरोबर केलं, कारण उभं राहणं फर्ज आणि वाजिबसाठी फर्ज सोडून मागे येत नाहीत. नुसते उठायला लागले असते, अजून बसल्यासारखेच असते, तर बसायचं होतं आणि मग सज्दाही लागला नसता.

सलामाआधी की नंतर, दोन्हीला हदीस आहे. नबी सल्ल. जोहरमध्ये असेच दोन रकातींनंतर न बसता उठले आणि सलामाआधी दोन सज्दे केले, हे अब्दुल्लाह इब्ने बुहैना सांगतात, शाफई ते धरतात. इब्ने मसऊदांच्या हदीसमध्ये पाच रकाती झाल्या होत्या, तिथे सज्दे सलामानंतर, हनफी ते धरतात. मालिकी दोन्ही वापरतात, काही कमी पडलं तर आधी, जास्त झालं तर नंतर.

दोन_लेकरांची_अम्मी
मला घरी लेकरांच्या गडबडीत तिसरी की चौथी हेच कळत नाही, सारखं होतं, मग पण हाच सज्दा का?

मदरशाचा_विद्यार्थी
आपा, सारखं होत असेल तर मन जिकडे जास्त झुकतं ते धरा. कुठेच झुकत नसेल तर तिसरी धरा, पण ही चौथी असू शकते म्हणून तिथेही बसून अत्तहियात वाचा, मग अजून एक रकात आणि शेवटी सज्दा-ए-सहव. शाफईंत अंदाज चालत नाही, कमीच धरायचं.

कोकणी_मुसाफिर
आमच्याकडे ती बैठक सुन्नत आहे, पण फजरच्या कुनूतसारखी, राहिली की सज्दा करावा, नाही केला तरी नमाज होते. पूर्ण उभं राहून जाणूनबुजून परत बसला तर मात्र नमाजच तुटते. म्हणजे तुमचे इमाम बसले नाहीत हे आमच्या हिशोबानेही बरोबर.

विजापूरवेसवाला
जझाकल्लाह. पण दोस्त अडकला तो इमामच्या त्या एका सलामावर. तेव्हा त्याने इमामबरोबर सज्द्यात जायचं का आपले दोन सज्दे करून सलाम फिरवायचा?

कोकणी_मुसाफिर
मी आपले करून सलाम फिरवतो, घरी तसंच शिकवलंय.

मदरशाचा_विद्यार्थी
मला इमामच्या मागेच जावं असं वाटतं, पण शाफईंच्या मसल्यावर मी फतवा देणार नाही. दोस्ताला म्हणावं त्यांच्याच एखाद्या आलिमला विचार. आणि हो, उशिरा आलेल्यांनी इमामबरोबर सज्दे करायचे, सलाम नाही फिरवायचा.