मॉडेल बंद झालेल्या मिक्सरचा कपलर शोधताना

«कंपनीच्या यादीत आमच्या मिक्सरचे मॉडेलच नाही. मोटर फिरते, पण काळ्या मसाल्याचे वाटण घातले की पाते थांबते. कपलर जळगावात मिळेल का?»

मिळण्याची शक्यता चांगली आहे, कारण कपलर, म्हणजे मोटरच्या दांड्यावर बसून पाते फिरवणारा दातेरी तुकडा, मॉडेलच्या नावावर नव्हे, मापावर जुळतो, आणि एकच माप अनेक मॉडेलांत चालते. म्हणून दुकानात नाव सांगण्यापेक्षा जुना कपलर आणि भांडे दोन्ही घेऊन जावे. दात मोजावेत, बाहेरचा व्यास व उंची पाहावी आणि आतले आटे मोटरच्या दांड्याशी जुळतात याची खात्री करावी. दात जुळले आणि आटे वेगळे निघाले, तर तो कपलर निरुपयोगी आहे.

काढण्यापूर्वी प्लग उपसावा. खालचे झाकण उघडून मोटरचा दांडा धरावा आणि मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवावा. वाटणाच्या भाराने तो आपोआप घट्ट व्हावा अशीच आट्यांची रचना असते, त्यामुळे उलट फिरवल्यास तो आणखी आवळतो.

मात्र नवा बसवण्याआधी रिकामे भांडे उलटे धरून खालची चकती, म्हणजे भांड्याचा कपलर, हाताने फिरवून पाहा. ती जड फिरत असेल, तर पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भांड्यातला बुश अडकला आहे, आणि सुके खोबरे व भाजलेला कांदा वाटताना नव्या कपलरचे दातही तसेच झिजतील. अशा वेळी बुश आणि भांड्याखालचा कपलर आधी बदलून घ्यावा.